खांद्यावर झोपतं, खाली ठेवलं की उठतं

ताई, माझा मुलगा साडेसहा महिन्यांचा आहे, पूर्ण दिवसांचा झालेला, वजन नीट वाढतंय. रात्री आठला आम्ही त्याला झोपवायला घेतो पण झोपेपर्यंत सव्वानऊ होतात. अंगावर पिता पिताच डोळे मिटतो, मग खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या, आणि कॉटमध्ये ठेवलं की पाच मिनिटांत रडायला सुरुवात. नंतर दर तास-दीड तासाने उठतो आणि पाजल्याशिवाय परत झोपतच नाही. झोपेत घोरतो पण मस्त, सर्दी नसली तरी, अगदी आजोबांसारखा. तीन आठवड्यांनी माझं ऑफिस सुरू होतंय. नणंद म्हणते दार लावून घे, तीन रात्री रडेल मग झोपेल आपोआप. सासूबाई म्हणतात बाळाला रडवायचं नसतं. मलाही त्याला रडवायचं नाहीये, पण माझ्याने आता होत नाहीये. हळुवार पद्धतीने स्लीप ट्रेनिंग करता येतं का, आणि आत्ता करू का?

अगं, घोरण्याचं तू कौतुकाने लिहिलंयस पण मी वाचताना तिथेच थांबले. ट्रेनिंगचं सगळं सांगते, पण आधी हे.

बाळाचं नाक एवढंसं असतं, आत थोडा शेंबूड वाळला तरी झोपेत घुरघुर वाजते आणि बऱ्याचदा तेवढंच निघतं. पण सर्दी नसताना, आठवड्यातल्या बहुतेक रात्री बाळ घोरत असेल तर ते डॉक्टरांना दाखवायचंच असतं. कारण श्वासाची वाट कुठे अरुंद असेल तर बाळ झोपेतून उठतं ते श्वास मोकळा व्हावा म्हणूनच उठतं, आणि अशा बाळाला तू कितीही प्रेमाने झोपायला शिकवलंस तरी ते उठणारच, उठायलाच हवं त्याने. आज रात्री तो गाढ झोपला की त्याचा शर्ट वर कर आणि मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ, आवाज नीट येईल असा, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली किंवा गळ्याच्या खाली खळगा पडतो का, मान मागे टाकून झोपतो का, तोंड सतत उघडं असतं का, डोकं घामाने भिजतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज मध्येच बंद होऊन मग दचकल्यासारखा श्वास घेतो का, एवढं बघ. यातलं काही दिसलं तर ट्रेनिंगचा विषय बाजूला ठेव आणि लगेच डॉक्टरांकडे जा. ओठ निळसर दिसले किंवा श्वास बराच वेळ थांबला तर व्हिडिओ वगैरे काही नाही, थेट हॉस्पिटल. काहीच दिसलं नाही तरी व्हिडिओ दाखवून ये, दोन दिवसांचंच काम आहे.

आता समज डॉक्टर म्हणाले की काळजीचं काही नाही, नाकच आहे फक्त. मग पुढचं वाच.

या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं, आपलं दीड तासाच्या आसपास. चक्र संपलं की झोप उथळ होते, मोठी माणसंसुद्धा तेव्हा कूस बदलतात, पांघरूण ओढतात आणि परत झोपतात, सकाळी आठवतही नाही. बाळही तेव्हा अर्धवट जागं होतं आणि त्याला जाणवतं की झोपताना जे होतं ते आता नाहीये. झोपताना तोंडात दूध होतं, आईचं अंग होतं, हलत होतं सगळं, आणि आता पाठीखाली सपाट गादी, अंधार, कोणी नाही. तू सोफ्यावर झोपलीस आणि जाग आली तेव्हा अंगणात होतीस तर तूही ओरडशीलच ना. तसंच आहे ते. म्हणून तो तासा-दीड तासाने उठतो आणि म्हणून पाजल्यावरच झोपतो, कारण झोपायचा तो एकच रस्ता त्याला माहीत आहे. हळुवार ट्रेनिंगमध्ये आपण फक्त एवढंच करतो, की रात्री जाग आल्यावर तो जिथे आणि ज्या अवस्थेत असेल, त्याच अवस्थेत संध्याकाळी त्याला झोप लागू द्यायची. भूक, दुखणं, खाज, अडकलेला श्वास यातलं काहीच ट्रेनिंगने जात नाही, हे पक्कं डोक्यात ठेव कारण पुढे कधी थांबायचं ते यावरूनच ठरतं.

आणि तुझी अपेक्षा जरा खाली आणायला हवी असं मला वाटतं. कॅनडात २०१८ साली एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती आणि ५७ टक्के सलग आठ तास झोपत नव्हती, आणि त्या बाळांचा विकास बाकीच्यांसारखाच होता. म्हणजे रात्री एक-दोनदा उठून पोटभर पिणारं सहा महिन्यांचं बाळ बिघडलेलं नाही, ते त्या वयाचं आहे. आपल्याला सहा-सातदाचं एक-दोनदा करायचंय, शून्य नाही.

नणंदेचं म्हणशील तर दार लावून घेण्याची पद्धत आहे, काही जणांना ती जमतेही, मी त्यांना नावं ठेवणार नाही. हळुवार पद्धतींवरही काम झालंय, ऑस्ट्रेलियात २०१६ साली ४३ बाळांवर एक अभ्यास झाला, त्यात थोडं थोडं थांबून जवळ जाण्याची पद्धत आणि फक्त झोपेची वेळ सरकवण्याची पद्धत अशा दोन्ही वापरल्या, दोन्हींत बाळं लवकर झोपायला लागली आणि वर्षभराने बघितलं तर आईशी असलेल्या नात्यावर काही वाईट परिणाम दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, पण मला तुझ्यासाठी त्यातली दुसरी पद्धत हवीय, वेळ सरकवण्याची, कारण तिच्यात रडणं सगळ्यात कमी होतं.

सुरुवात अशी कर. तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहून ठेव. सकाळी किती वाजता उठला, दिवसाच्या झोपा कधी सुरू कधी संपल्या, रात्री खरोखर डोळे कधी मिटले, कितीदा उठला, आणि प्रत्येक वेळी किती मिनिटं प्यायला. चार ते बारा महिन्यांच्या बाळांना दिवसाची धरून २४ तासांत १२ ते १६ तास झोप पुरते, त्यामुळे दिवसाच तो पाच तास झोपत असेल तर रात्री आठला त्याला झोप येणारच नाही, यात त्याची काय चूक. तुझ्या पत्रातच उत्तर आहे बघ, आठला झोपवायला घेतेस आणि सव्वानऊला झोपतो, म्हणजे त्याच्या शरीराची रात्र आत्ता सव्वानऊला सुरू होतेय. तो सव्वा तास तुम्ही दोघं रोज उगाच झगडताय, आणि कॉट म्हणजे झगडायची जागा असं त्याच्या मनात बसत चाललंय.

म्हणून पहिल्या दिवशी झोपायची वेळ सव्वानऊच ठेवायची. हो, उशिरा. त्याआधीचा वेळ मंद उजेडात, शांत, मांडीवर, जमिनीवर, जसा असेल तसा जाऊ दे, फक्त झोपू देऊ नकोस. सकाळी मात्र रोज एकाच वेळी उठवायचं, साडेसहा तर साडेसहा, रात्र कशीही गेली असली तरी, पडदा उघडायचा आणि उजेडात घेऊन जायचं. हे करताना आईचा जीव तुटतो, रात्रभर उठलेलं बाळ सकाळी गाढ झोपलंय आणि उठवायचं कसं असं वाटतं, पण सकाळची वेळ सैल सोडली की सगळं बिनसतं. दिवसाची शेवटची झोप अशी ठेव की तिच्यानंतर रात्रीपर्यंत किमान अडीच तास तो जागा राहील. सलग दोन रात्री पंधरा मिनिटांच्या आत झोपला की वेळ पंधरा मिनिटं आधी आणायची, म्हणजे नऊ, मग पुन्हा दोन रात्री, मग पावणेनऊ. सव्वाआठपर्यंत आलीस तरी खूप झालं, आणि एखाद्या टप्प्यावर तो अडला, परत अर्धा-पाऊण तास लागायला लागला, तर समजायचं की याची वेळ हीच आहे आणि तिथेच थांबायचं.

दुसरा बदल पाजण्याचा. झोपेच्या आधीचं दूध शेवटी नको, अर्धा तास आधी आण, आणि दिवा लावून पाज. मग लंगोट बदलणं, कपडे, एखादं गाणं, दोन मिनिटं कडेवर, आणि कॉट. रोज हाच क्रम, वीस-पंचवीस मिनिटांत संपणारा. पिताना डोळे जड झाले तर तिथेच सोडव, लंगोट बदलताना तो जागा होईल, होऊ दे. सगळे सांगतात की पेंगुळलेला पण जागा असताना खाली ठेवा, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतं, कारण डोळे अर्धे मिटलेले, मान टाकलेली, मूठ सैल झालेली म्हणजे पेंगुळलेलं नाही गं, ते झोपलेलंच बाळ आहे, ठेवलंस की पाच मिनिटांनी दचकून उठणार, जसा आत्ता उठतोय. ठेवताना त्याने तुझ्याकडे बघायला हवं, एवढा जागा.

तिसरा भाग जवळ बसण्याचा. पहिल्या तीन रात्री कॉटला खेटून खुर्ची, हात त्याच्या छातीवर, हळू थोपटायचं, हं हं असं एकसुरी काहीतरी म्हणायचं, तो झोपेपर्यंत. रडला तर तिथेच थोपट, रडणं वाढतच गेलं, श्वास घशात अडकल्यासारखं झालं तर उचल, छातीशी धर, शांत झाला की परत जागाच खाली ठेव. कडेवर झोपू द्यायचं नाही एवढंच. वीस मिनिटांत झोपण्याचं चिन्हच नसेल तर बाहेर काढ, अर्धा तास मंद उजेडात बस आणि मग परत, हे हरणं नाही, उलट कॉटमध्ये तासभर रडत पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून थोपटणं बंद, हात नुसता ठेवलेला. मग हात काढून घे, नुसती बस. मग दर दोन-तीन रात्रींनी खुर्ची हातभर मागे. तुम्ही एकाच खोलीत झोपत असाल तर खुर्चीचा शेवट तुझ्या पलंगापाशी, वेगळी खोली लागतेच असं अजिबात नाही. रात्री उठला तरी त्या दिवशीच्या टप्प्याला जे चाललंय तेच करायचं.

पण रात्री उठला म्हणजे लगेच उठू नकोस. बाळं झोपेतच कण्हतात, पाय आपटतात, डोळेसुद्धा उघडतात आणि परत मिटतात, आपण घाईने उचललं की आपणच जागं करतो. मिनिटभर नुसतं ऐक. आवाज वर-खाली होतोय, मध्ये थांबतोय, तर थांब. सरळ चढत चाललाय, तर जा.

आता रात्रीचं दूध, इथे गफलत करू नकोस. स्लीप ट्रेनिंग म्हणजे रात्रीचं पाजणं बंद करणं नव्हे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या तीन दिवसांच्या वहीत बघ, ज्या वेळेला तो गटागटा, गिळल्याचा आवाज येत आठ-दहा मिनिटं पितो आणि मग दोन-तीन तास झोपतो ती भूक आहे, ती ठेव. ज्या वेळेला दोन मिनिटं चोखून झोपतो तिथे दूध नकोय, झोपायचा रस्ता हवाय, तिथे थोपट. मधल्या ज्या असतील, पाच-सात मिनिटांच्या, त्या दर दोन रात्रींनी एक-दोन मिनिटांनी कमी करत आण. एकदम तोडलंस तर तुलाच गाठी होतील, ताप येईल, आणि दूधही कमी होईल. अजून एक, या वयात बाळं दिवसा इकडे तिकडे बघण्यात नीट पीत नाहीत आणि तो कोटा रात्री भरून काढतात, तुझी नोकरी सुरू झाल्यावर तर हे हमखास वाढतं. त्यामुळे दिवसाचं एखाद-दुसरं पाजणं अंधाऱ्या शांत खोलीत करून बघ, काही बाळांचं रात्रीचं अर्धं उठणं तेवढ्याने कमी होतं.

एका आईने मला तिची वही दाखवली होती, सात महिन्यांच्या मुलीची, तुझ्यासारखंच सगळं, आठला सुरुवात आणि साडेनऊला झोप, रात्री सहादा उठणं. तिने साडेनऊपासून सुरू केलं. पहिल्या रात्री मुलगी चाळीस मिनिटं कुरकुरली, त्यात दोनदा उचलावं लागलं. दुसऱ्या रात्री पंचवीस, तिसऱ्या रात्री दहा, चौथ्या रात्री आठ, आणि घरातले सगळे खूश. पाचव्या रात्री पन्नास मिनिटं. त्या पानावर फक्त 'संपलं सगळं' एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली पाण्याचा डाग. पण सुधारणा सुरू झाल्यावर मध्ये एखाद-दोन रात्री असं उसळून येतं, बाळ जुना रस्ता अजून चालतो का ते एकदा जोरात बघून घेतं. तिच्या नवऱ्याने त्या रात्री पाजायला दिलं नाही आणि कडेवर झुलवलंही नाही, नुसता हात ठेवून बसला. सहावी रात्र सहा मिनिटं. बाराव्या रात्री झोपायची वेळ पावणेनऊ झाली होती आणि मुलगी दोनदा उठत होती, दोन्ही वेळा पिऊन झोपत होती. तिथे ती थांबली, मीही थांब म्हणाले. पाचव्या रात्री हार मानून पाजलं असतं तर मुलीला एवढंच कळलं असतं की पन्नास मिनिटं रडलं की मिळतं, म्हणून जे झेपेल तेच ठरव, मऊ ठरव, पण रोज तेच कर.

हे उसळून येणं आणि खरंच काही दुखणं यातला फरक ओळखता यायला हवा, आणि तो मला माझ्या मुलीच्या वेळी ओळखता आला नव्हता. सात महिन्यांची होती, चार रात्री छान गेल्या, पाचव्या रात्री आडवी ठेवली की किंचाळायची आणि उभी धरली की गप्प. मला वाटलं हेच ते, आता माघार घेतली तर सगळं वाया, आणि मी दोन रात्री हात ठेवून तशीच बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीजवळच्या चादरीवर पिवळा डाग दिसला, कानातून पू आला होता. आडवं झालं की कानातला दाब वाढतो, दुखणं वाढतं, म्हणून ती ओरडत होती. अजूनही ते आठवलं की पोटात कालवतं. सवयीसाठी रडणारं बाळ उचललं की शांत होतं आणि ठेवलं की रडतं, हे खरं, पण ते दिवसा हसतं खेळतं, नेहमीसारखं पितं. दुखणारं बाळ दिवसाही वेगळं असतं, पिता पिता सोडून रडतं, कानाला हात नेतं, अंग गरम लागतं, आणि रडण्याचा सूरच बदलतो. चार रात्री चांगल्या जाऊन पाचव्या रात्री बिघडलं तर आधी ताप बघ, कान-नाक-पोट बघ, दिवस कसा गेला ते आठव, आणि शंका असेल तर ट्रेनिंग सोडून दे त्या रात्रीपुरतं. आजारपणात हवं तसं पाज, हवं तेवढं घे. बरा झाला की दोन दिवस जाऊ दे आणि दोन टप्पे मागून परत सुरू कर, दुसऱ्या वेळी लवकर जमतं. (आणि त्या डागाजवळ उशी होती हेसुद्धा माझं चुकलंच होतं, वर्षाच्या आतल्या बाळाच्या कॉटमध्ये उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या काहीच नको, कडक सपाट गादी आणि उताणं झोपवायचं. मग तो स्वतःहून पालथा झाला तर राहू दे. झोपताना कुंची मात्र कधीच नको, आणि गुंडाळणं पालथं वळायचा प्रयत्न करायला लागल्यापासून बंद.)

कोणाला हे मुळीच सुरू करायचं नाही तेही सांगते. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, त्याच्या शरीराला रात्र-दिवस अजून नीट कळलेले नसतात. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, म्हणजे दोन महिने आधी झालेलं सहा महिन्यांचं बाळ यासाठी चार महिन्यांचंच. वजन नीट वाढत नसेल, दूध सतत उलटून येत असेल, अंगावर खाजरे चट्टे असतील आणि ते रात्री खाजवत असेल, तर आधी त्याचा इलाज. घर बदलणं, प्रवास, नवीन सांभाळणारी बाई, लसीच्या आसपासचे दोन-तीन दिवस, यातलं काही तोंडावर असेल तर पुढे ढकल.

आणि एक गोष्ट झोपेशी संबंध नसल्यासारखी वाटेल, पण चार ते सात महिने हेच तिचं वय आहे म्हणून लिहिते. झोपेतून उठल्या उठल्या बाळ एकदम पुढे वाकतं, हात फेकल्यासारखे पसरतात, सेकंद-दोन सेकंदांत सैल पडतं, आणि काही सेकंदांनी परत तेच, परत तेच, असं ओळीने पाच-दहा वेळा. लोकांना वाटतं दचकलं, पोटात कळ आली. दचकणं एकदाच होतं, असं माळेने येत नाही. असं दिसलं तर व्हिडिओ काढ आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ, ही फीट असू शकते आणि उपचार जितके लवकर तितकं बाळाच्या मेंदूसाठी चांगलं. तुझ्या पत्रात असं काही नाहीये, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असेल.

आता तुझं. 'माझ्याने होत नाहीये' हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल किंवा मनात नको नको ते विचार येत असतील, तर ट्रेनिंग थांबव आणि तुझ्यासाठी डॉक्टरांकडे जा, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वर्षभरात कधीही येतं आणि ते बरं होतं. रात्री रडणं ऐकून राग अनावर झाला तर बाळाला कॉटमध्ये उताणं ठेव, खोलीबाहेर जा, नवऱ्याला उठव. पाच-दहा मिनिटं रडल्याने त्याला काही होत नाही, रागात हलवल्याने होतं. आणि सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन डुलकी लागेल असं वाटलं तर त्या क्षणी त्याला खाली ठेव, दमलेल्या आईच्या हातून सगळ्यात धोकादायक तीच झोप असते.

तीन आठवड्यांचा हिशोब मांडू या. व्हिडिओ आणि डॉक्टर दोन-तीन दिवस, वही तीन दिवस, मग दहा-बारा रात्री, म्हणजे ऑफिसच्या आधी निदान तीन दिवस शिल्लक राहतात, ते तसेच ठेव. त्या दहा रात्रींत एक रात्र आड नवऱ्याने खुर्चीत बसावं, वडिलांच्या अंगाला दुधाचा वास नसतो त्यामुळे बाळ त्यांच्याकडे थोपटून घ्यायला लवकर तयार होतं. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आणि आठवडा गेला तर खुर्चीचा भाग आत्ता करूच नकोस, फक्त झोपेची वेळ सरकव आणि दूध अर्धा तास आधी आण, एवढ्यानेही रात्र बरीच हलकी होईल, बाकीचं ऑफिस लागून दोन-तीन आठवडे झाले की. मात्र आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास बाळं आई दिसेनाशी झाली की घाबरायला लागतात, तेव्हा खुर्ची मागे नेणं अवघड जातं, म्हणून फार लांबवूही नकोस.

सासूबाईंना खुर्ची दाखव आणि सांग की रडला तर कोणीतरी त्याच्याजवळच असणार आहे, जमलं तर एक रात्र त्यांनाच बसू दे. आणि व्हिडिओ आजच काढ, डॉक्टरांच्या टेबलावर तो टक्क जागा असतो, तिथे कोणीच घोरत नाही.